शेवटचं वळण

पास्कलचा त्रिकोण मांडायला जेवढं कमी भांडवल लागतं, तेवढ्यात आजकाल कुणी पानाची टपरीसुद्धा टाकून देणार नाही. लागतो फक्त एक आकडा, आणि तोही एक. कागदाच्या वरच्या बाजूला मधोमध १ लिहायचा. त्याखाली दोन १. पुढच्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ बसवायचे आणि मधल्या प्रत्येक जागी डोक्यावरच्या दोघांची बेरीज लिहायची. १ २ १, मग १ ३ ३ १, मग १ ४ ६ ४ १. गुणाकार नाही, भागाकार नाही, हातचासुद्धा बराच वेळ लागत नाही. ज्याला बेरीज येते त्याने मनात आणलं, तर जेवणाची वेळ होईपर्यंत तो हा त्रिकोण पानाच्या तळापर्यंत नेऊन पोचवतो.

शाळा-कॉलेजात मात्र त्याची ओळख अशी सरळ करून दिली जात नाही. तिथे तो ‘द्विपदी सहगुणक’ असं भारदस्त नाव लावून येतो, आणि बरोबर सूत्र आणतो. त्या सूत्रात प्रत्येक आकड्यापुढे उद्गारचिन्ह असतं. ५!, ७!, १०!. अकरावीच्या त्या धड्यात आकडे एकमेकांवर ओरडताहेत असंच मला वाटायचं. एनसीआर म्हणजे n वस्तूंतून r वस्तू किती प्रकारे निवडता येतात ती संख्या, हे सर सांगायचे आणि ते खरंही होतं. पण त्रिकोणातल्या बेरजा आणि त्या निवडी यांचं नातं काय, हे विचारायच्या आत घंटा व्हायची.

त्रिकोणाला पास्कलचं नाव चिकटलं ते त्याच्या पुस्तकावरून. पास्कलने १६५४ मध्ये त्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला, तो छापूनही झाला, पण लोकांच्या हाती पडला १६६५ मध्ये. तोवर पास्कलला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच्या कितीतरी आधी, दहाव्या शतकात, हलायुधाने पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिताना हाच त्रिकोण ‘मेरुप्रस्तार’ म्हणून मांडून दाखवला होता. त्याला तो हवा होता लघु-गुरू मोजायला. चार अक्षरांच्या चरणात एकही गुरू नसलेला प्रकार १, एक गुरू असलेले ४, दोन असलेले ६, तीन असलेले ४ आणि सगळेच गुरू असलेला १. वृत्तांच्या हिशेबातून निघालेला हा मेरू पर्वत पुढे जुगाराच्या हिशेबात फ्रान्समध्ये सापडावा, यात मला कुणाचा अपमान दिसत नाही. चांगली गोष्ट जिथे गरज पडते तिथे सापडते.

आता मी तुम्हाला एका वसाहतीत घेऊन जातो. नव्या लेआउटची वसाहत आहे, त्यामुळे गल्ल्या सरळ आहेत. पूर्व-पश्चिम जातात त्या गल्ल्या, दक्षिण-उत्तर जातात ते रस्ते. आपलं घर अगदी नैऋत्येच्या कोपऱ्यावर, जिथे पहिली गल्ली आणि पहिला रस्ता मिळतात. उत्तरेला आणि पूर्वेला वसाहत हवी तेवढी पसरलेली आहे. नियम एकच: चालायचं ते पूर्वेला किंवा उत्तरेला. मागे वळायचं नाही. पिशवी घरी विसरून परत फिरणारे लोक या मोजणीत धरलेले नाहीत, नाहीतर गणित कधीच संपणार नाही.

घरापासून चार कोपरे चालून जायचं आहे. प्रत्येक कोपऱ्यावर दोनच पर्याय, पूर्व किंवा उत्तर. म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, एकूण १६ वाटा. या १६ वाटांवर एकेक माणूस सोडून दिला, तर चार कोपरे चालल्यावर सगळे जातील कुठे? ते एका तिरक्या रेषेवरच्या पाच कोपऱ्यांवर जाऊन उभे राहतील. पार पूर्वेच्या टोकाला एकच, जो एकदाही वळला नाही तो. पार उत्तरेच्या टोकाला एकच, तोही तसाच हट्टी. मध्ये ४, ६, ४. कागद जरा तिरका धरा, घर वर येईल असा, की त्रिकोणाची पाचवी ओळ समोर येते. कुठल्याही कोपऱ्यावर येणारा माणूस एक तर पश्चिमेकडून आलेला असतो नाहीतर दक्षिणेकडून, तिसरीकडून येण्याची त्याला परवानगीच नाही. म्हणून तिथे येण्याच्या वाटा म्हणजे त्या दोन शेजारी कोपऱ्यांवर येण्याच्या वाटांची बेरीज. डोक्यावरच्या दोघांची बेरीज ती हीच.

आणि ओळींच्या बेरजा १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने का वाढतात, तेही इथेच कळतं. प्रत्येक कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पुढे दोन वाटा आहेत. प्रत्येक वाटेमागे पुढच्या ओळीत दोन वाटा जमा होतात. यात सिद्ध करण्यासारखं खरं म्हणजे काही उरतच नाही.

या बेरजेबद्दल भास्कराचार्यांची एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमाराला, त्यांनी सहा रसांचा प्रश्न घातला आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांतले एक, दोन, तीन असे करत मिसळले तर किती प्रकार होतील? उत्तर ६, १५, २०, १५, ६ आणि १. बेरीज केली तर येते ६३. पण त्रिकोणाच्या त्या ओळीची बेरीज आहे ६४. तो उरलेला एक म्हणजे ज्यात एकही रस नाही असा पदार्थ. आचार्यांनी तो पानात वाढलाच नाही. आजारपणात ज्यांनी मिठाशिवायची पेज गिळली आहे ते लोक आचार्यांच्या बाजूने उभे राहतील.

ओळींच्या बेरजा झाल्या. आता तिरक्या बेरजांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. त्रिकोणाच्या कडेच्या एका १ पासून निघा आणि तिरके खाली उतरत जा. समजा १, ३, ६, १०, १५ इथपर्यंत आलात. आता थांबा, आणि एकच पाऊल दुसऱ्या दिशेला तिरकं टाका. तिथे ३५ आहे. १ अधिक ३ अधिक ६ अधिक १० अधिक १५ बरोबर ३५. सरळ लांब दांडा आणि टोकाला एक वळलेलं पातं, म्हणून याला हॉकी स्टिकचं समीकरण म्हणतात. दांड्यावरच्या सगळ्यांची बेरीज पात्यावर बसलेली असते. कुठूनही करून बघा. १, ४, १० घेतले तर पात्यावर १५. १, २, ३, ४ घेतले तर १०.

दांडा मात्र कडेच्या १ पासूनच धरायला हवा, आणि पातं वळवायचं ते दांड्याच्या उलट बाजूला. मधूनच काठी धरली, ६ पासून, तर ६, १०, १५ मिळून होतात ३१, आणि पात्यावर तर ३५. चार कमी. पातं न वळवता सरळच पुढे गेलात तर २१ वर जाल, आणि तो आकडा आपला काहीच लागत नाही. बेरीज जुळली नाही की आधी काठी कुठे धरली आहे ते बघावं. बहुतेक वेळा तिथेच घोटाळा असतो.

हे असं का होतं? एक उत्तर फार झटपट आहे. ३५ म्हणजे डोक्यावरचे १५ आणि २०. त्यातला २० म्हणजे १० आणि १०. त्यातला एक १० म्हणजे ६ आणि ४. तो ४ म्हणजे ३ आणि १. उकलत गेलं की १५, १०, ६, ३, १ असे मागे उरतात. संपलं. या उत्तरात खोट काढायला जागा नाही, आणि वर्गात वेळ कमी असेल तर मीही हेच सांगेन. पण यातून माझं समाधान होत नाही. यात ३५ चे तुकडे पडतात हे दिसतं, ते तुकडे कसले आहेत ते दिसत नाही. १५ कोण? ६ कोण? ते कळायचं तर पुन्हा वसाहतीत जायला हवं.

आता वसाहतीला हद्द घालू. चार गल्ल्या आणि पाच रस्ते. घर पहिल्या गल्लीत पहिल्या रस्त्यावर, मंडई चौथ्या गल्लीत पाचव्या रस्त्यावर. म्हणजे चार वेळा पूर्वेला आणि तीन वेळा उत्तरेला, एकूण सात टप्पे. या सातांतले उत्तरेचे तीन कोणते, एवढं ठरलं की वाट ठरली; तशा वाटा ३५. प्रत्येक कोपऱ्यावर येण्याच्या वाटा मांडल्या तर चित्र असं दिसतं. पहिली गल्ली खाली, घर डावीकडे खालच्या कोपऱ्यात.

चौथी गल्ली : १, ४, १०, २०, ३५
तिसरी गल्ली : १, ३, ६, १०, १५
दुसरी गल्ली : १, २, ३, ४, ५
पहिली गल्ली : १, १, १, १, १

मंडईत येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो: तिसरी गल्ली तुम्ही कुठल्या रस्त्याने सोडलीत? म्हणजे उत्तरेला शेवटचं वळण कुठे घेतलंत? त्या वळणानंतर माणूस चौथ्या गल्लीत येतो, आणि चौथ्या गल्लीत आल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही. वर गल्ली नाही, मागे फिरायचं नाही, नाकासमोर चालत मंडई गाठायची. तेव्हा त्याचं सगळं स्वातंत्र्य त्या शेवटच्या वळणाआधी खर्च झालेलं असतं.

ज्यांनी पहिल्याच रस्त्याने गल्ली सोडली, त्यांना त्या कोपऱ्यावर यायला एकच वाट होती: घरून निघून सरळ उत्तरेला. म्हणून ते १. दुसऱ्या रस्त्याने सोडणारे ३, कारण तिसऱ्या गल्लीच्या त्या कोपऱ्यावर येण्याच्या वाटा ३. तिसऱ्या रस्त्याने ६, चौथ्याने १०, आणि पाचव्या रस्त्याने, म्हणजे गल्ली शेवटपर्यंत चालून मग वर वळणारे, १५. प्रत्येक माणूस शेवटचं वळण एकदाच घेतो, त्यामुळे कुणी दोनदा मोजला जात नाही आणि कुणी सुटतही नाही. १, ३, ६, १०, १५ मिळून ३५. हॉकीचा दांडा म्हणजे तिसरी गल्ली, आणि पातं म्हणजे मंडई.

मघाशी काठी मधून धरल्यावर चार कमी पडले होते, ते चारही आता ओळखीचे निघतात. पहिल्या आणि दुसऱ्या रस्त्यानेच वर वळून गेलेले ते १ आणि ३. घाईची माणसं. त्यांना आपण मोजायलाच विसरलो होतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला आहे. ‘सोडली कुठे’ असंच का विचारायचं? तिसऱ्या गल्लीतल्या कुठल्या कोपऱ्यावरून गेलात, असं विचारलं तर काय बिघडलं? करून बघू. पहिल्या कोपऱ्यावर यायला १ वाट, आणि तिथून मंडईत जायला ५ वाटा. म्हणून त्या कोपऱ्यावरून जाणारे ५. दुसऱ्यावरून ३ गुणिले ४, म्हणजे १२. तिसऱ्यावरून ६ गुणिले ३, म्हणजे १८. चौथ्यावरून १० गुणिले २, म्हणजे २०. पाचव्यावरून १५. बेरीज ७०. घरून निघाले ३५ आणि गल्लीतल्या कोपऱ्यांवर हजेरी लागली ७० जणांची! ग्रामसभेच्या उपस्थितीपत्रकात असे चमत्कार घडतात, पण गणितात त्याला कारण द्यावं लागतं.

कारण सरळ आहे. जो माणूस तिसऱ्या गल्लीतून थोडा चालतो, तो वाटेत दोन, तीन, चार कोपरे ओलांडतो आणि प्रत्येक कोपऱ्यावर सही करून जातो. पण मग बेरीज नेमकी दुप्पटच का यावी? प्रत्येकाला पूर्वेला चार टप्पे जायचं आहे आणि ते चार टप्पे चार गल्ल्यांत वाटायचे आहेत. ३५ जणांचा मिळून विचार केला तर कुठल्याही गल्लीवर मेहेरबानी नाही, म्हणून सरासरीने प्रत्येक गल्लीच्या वाट्याला एक टप्पा येतो. एक टप्पा चालायचा म्हणजे दोन कोपऱ्यांना पाय लागतो. म्हणून सरासरीने माणशी दोन सह्या, आणि एकूण ७०. चुकीच्या प्रश्नाचं उत्तर इतकं नीटनेटकं निघावं याचं मला अजूनही कौतुक वाटतं. पण ३५ हवे असतील तर शेवटचंच वळण विचारायला हवं, कारण गल्लीत प्रवेश, मुक्काम आणि प्रस्थान यांतलं प्रस्थान असं आहे की त्यानंतर माणसाला काही ठरवायचंच उरत नाही.

ही तिसरी गल्ली पास्कलला ठाऊक होती. त्याने त्रिकोण आपल्यासारखा डोंगराच्या आकारात काढलेलाच नाही. काटकोनात, चौकोनी घरांच्या रांगा आखून काढला आहे, आणि एका रांगेतल्या घरांची बेरीज पुढच्या रांगेतल्या घरात बसते हे सुरुवातीच्या निष्कर्षांतच सांगून टाकलं आहे. पण त्याच्याही हजारएक वर्षं आधी, सहाव्या शतकात, उज्जैनच्या वराहमिहिराने हीच काठी अत्तरांसाठी वापरली होती. बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांचं एक प्रकरण आहे. कापूर, वाळा, अगरू, तगर अशी १६ द्रव्यं, आणि त्यांतली चार चार घेऊन सुगंध करायचे. किती होतील?

त्यासाठी उद्गारचिन्हं लागत नाहीत. एका उभ्या रांगेत १ पासून १६ पर्यंत आकडे लिहायचे. शेजारच्या रांगेत त्यांच्या चढत्या बेरजा: १, ३, ६, १० असं करत १५ घरांपर्यंत, शेवटचं घर सोडून, तिथे १२० येतात. तिसऱ्या रांगेत त्या बेरजांच्या बेरजा, आणखी एक घर सोडून, शेवटी ५६०. चौथ्या रांगेत पुन्हा तेच, आणि शेवटच्या घरात १८२०. सोळातून चार निवडण्याचे प्रकार तेवढेच. प्रत्येक रांग म्हणजे एक गल्ली, प्रत्येक चढती बेरीज म्हणजे एक हॉकीची काठी. हॉकी स्टिकचं समीकरण कुणी सिद्ध करून दाखवण्याच्या कितीतरी आधी ते असं कामाला लागलेलं होतं, आणि तेही कापराच्या वासात.

आता शेवटचा भाग, ज्यासाठी मी तुम्हाला एवढं चालवलं. वसाहत आहे म्हटल्यावर रस्ते खणले जाणारच. समजा दुसऱ्या गल्लीचा तिसऱ्या रस्त्यावरचा कोपरा खणून ठेवला आहे. कशासाठी, ते विचारू नये. कोपरा बंद. आता मंडईला जायच्या वाटा किती?

उद्गारचिन्हांचं सूत्र इथे पहिल्या फटक्यात हात वर करतं. सातांतून तीन निवडण्याचा हिशेब त्याला येतो, खड्ड्याचा येत नाही. पण बेरीज करत जाणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. खणलेल्या कोपऱ्यावर ० लिहायचा आणि पुढे पूर्वीसारखंच पश्चिम अधिक दक्षिण करत जायचं. दुसरी गल्ली होते १, २, ०, १, २. तिसरी होते १, ३, ३, ४, ६. चौथी होते १, ४, ७, ११, १७. मंडईत पोचले १७. ताळा हवा असेल तर खड्ड्यावरून जाणाऱ्या वाटा मोजा: तिथवर यायला ३, तिथून पुढे मंडईला ६, म्हणजे १८ वाटा बुडाल्या, ३५ मधून १८ गेले, उरले १७.

आता तिसऱ्या गल्लीची बेरीज करा. १, ३, ३, ४, ६. येतात १७. त्रिकोण मोडला आहे, ते आकडे आता द्विपदी सहगुणक राहिलेले नाहीत, सूत्र घरी बसलं आहे, आणि हॉकीची काठी मात्र शाबूत आहे. कारण तिला खड्ड्याशी कर्तव्यच नव्हतं. मंडईत आलेला प्रत्येक माणूस तिसरी गल्ली कुठेतरी एकदाच सोडून आला, एवढ्यावरच ती उभी होती, आणि ते अजून खरं आहे. उद्या चौथी गल्ली खणली, तर मात्र काठी मोडेल. शेवटच्या वळणानंतर माणसाला सरळ मंडईपर्यंत जाता आलं पाहिजे, ही तिची एकमेव अट आहे.

घरात मुलांच्या गणिताची चौकटीची वही असेल तर हे चित्र एकदा स्वतः काढा. मग खड्डा दुसऱ्या गल्लीतून उचलून तिसऱ्या गल्लीत, त्याच तिसऱ्या रस्त्यावर ठेवा आणि बेरजा पुन्हा करा. तिसरी गल्ली होईल १, ३, ०, ४, ९, आणि मंडईत पुन्हा १७ च जण पोचतील. दोन वेगळे खड्डे आणि आकडा एकच कसा, ते मी सांगत नाही. भाजी घेऊन मंडईतून घरी परत येताना मोजा, लगेच कळेल.